कौतिकाबाईचा डबा आणि धनराजचं पाकीट

समजा, तुमच्या पुढ्यात चुलीवर लोखंडी कढई आहे. तिच्यात तुम्हाला धने भाजायचे आहेत. जाळ मंद ठेवा, हात थांबवू नका. धने रंग बदलतात त्याच्या जरा आधी वास बदलतो, आणि त्याच क्षणी कढई उतरवायची असते. रंगाची वाट पाहिली की उशीर झालाच. मग लवंग, मिरी, दगडफूल, मोठी वेलची, प्रत्येक जिन्नस वेगळा, कारण कोणाला जास्त आच सोसते, कोणाला कमी. खोबरं सगळ्यांत शेवटी. सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. कोमट असताना कुटलं तर मसाल्याला घाम येतो, गोळे होतात. आणि मग उखळात कुटायचं, खांदा भरून येईस्तोवर.

नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत कौतिका नंदनवार हे काम दर आठवड्याला करत आली होती. नंदनवार मूळचे कोष्टी, म्हणजे विणकर; त्यांचं सावजी भोजनालय म्हणजे पुढची खोली, चार बाकं, आणि मागे स्वयंपाकघर. तिथे रस्सा तिचा मुलगा धनराज शिजवायचा, भाकऱ्या सून प्रणाली थापायची, आणि मसाला कौतिकाबाईचा. मसाल्याच्या खोलीत बाकी कोणी पाय ठेवत नसे. मटण कोणीही शिजवावं, पण गिऱ्हाईक येतं ते आपल्या मसाल्याच्या पायी, अशी तिची पक्की समजूत होती. बोलून दाखवायची तिला गरजही वाटत नसे.

तीन उन्हाळ्यांमागे तिचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. उखळ सुटलं. मग तिनं एक तोड काढली. उन्हाळ्यात वर्षभराचा सगळा माल स्वतःच्या हातानं भाजायचा आणि एकदाच मसाल्याच्या चक्कीवर नेऊन दळून आणायचा. पत्र्याचा मोठा डबा भरून भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवायचा, म्हणजे धनराजला हात वर केला की मिळेल. भाजणं तिचं, प्रमाण तिचं, चक्कीसमोर उभी तीच. मग मसाला घरचाच झाला की नाही?

या माघात धनराजनं एक पाकीट आणून ओट्यावर टाकलं.

"हे काय होय?" कौतिकाबाईनं विचारलं.

"सावजी मसाला. तयार."

"आपल्या घरात? सावज्याच्या घरात सावजी मसाला इकत आणला तू? उद्या लुगडं इकत घेशील कोष्ट्याच्या घरात."

"तं लुगडं इकतच आणतो ना आपण. माग कुठी राहिला आता?" धनराज हसला. "आई, चिडू नको व. माणसं कमी येऊन राहिली. मले वाटते, एकडाव हे करून पाहावं."

"माणसं कमी येऊन राहिली तं मसाल्यानं?"

धनराजनं पाठ फिरवली. तो कांदे चिरायला बसला. ते पाठ फिरवणं कौतिकाबाईला पाकिटापेक्षा जास्त लागलं.

तिनं पाकीट फोडलं. चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्यानं रगडलं. बोटाला तेल लागलं नाही, कोंडा लागला. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वरून चमचाभर भुरभुरलं. पाण्याला हात न लावता लाल रंगाच्या रेघा खाली उतरायला लागल्या, आणि वर भुसा तरंगत राहिला.

"पाय," ती प्रणालीला पेला दाखवत म्हणाली. "मिरचीचा रंग तेलात सुटते, पाण्यात असा पळत नाही. हा घातलेला रंग आहे. आणि हे वर तरंगते ते काय? मायच्या लग्नातल्या अक्षता?"

प्रणालीला हसू आलं. धनराजनं पेला पाहिला, मान हलवली आणि ते पाकीट कचऱ्यात टाकलं. कौतिकाबाईला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यानं इतवारी बाजारातल्या मोठ्या दुकानातून दुसरं पाकीट आणलं. या वेळी त्यानंच पेल्यात पाणी घेतलं. रंग पळाला नाही. मसाला सावकाश तळाला बसला. रगडल्यावर बोटं पिवळट तेलकट झाली. कौतिकाबाईनं चष्मा लावून पाकीट उलटंपालटं केलं. बनवल्याची तारीख पंधरा दिवसांमागची होती, खाली बारा महिने चालेल असं छापलेलं. घटकांमध्ये पहिले धने, दुसरं मीठ.

"मीठ दुसऱ्या नंबरावर," ती लगेच म्हणाली. "जे जास्त ते आधी लिहा लागते. धन्याच्या खालोखाल मीठ म्हणजे अर्धे पैसे मिठाचे. आणि बारा महिने बंद पाकिटाचे. एकदा फोडलं की दोन महिन्यात फुस्स."

"हाव, मीठ आहे. रश्श्यात तेवढं कमी टाकू. बाकी काही खोट निघाली काय?"

तिनं नाकाजवळ नेलं. वास होता. चांगला होता. तिनं पाकीट खाली ठेवलं.

"मंग दोन हंडे लावा," ती म्हणाली. "एकात माहा, एकात ह्या दुकानवाल्याचा. मटण एकाच बोकडाचं. मीठ मी चाखून बरोबर करते. कोणता कोणाचा, वाढताना सांगाचं नाही."

"आई, कायले ते?"

"घाबरला काय? माहा हरला तं मसाल्याची खोली तुही. धुऊन पुसून गोदाम कर."

ती हे हरण्यासाठी बोलली नव्हती. पण बोलून गेली, आणि धनराजनंही नाही म्हटलं नाही.

रविवारी दुपारी नेहमीचे चौघं बसले. त्यात हेडाऊ मामा होते, यंत्रमागावरून निवृत्त झालेले, या बाकावर वीस-बावीस वर्षं जेवणारे. प्रत्येकाच्या ताटात दोन वाट्या. डावीकडची कौतिकाबाईची. ती मधल्या दारातल्या पडद्यामागे उभी राहिली. ज्वारीची भाकरी कुस्करण्याचा आवाज, नाकं सुरसुरण्याचा आवाज. सावजी जेवणारा माणूस नाक पुसत जेवतो, तीच त्याची पावती.

पहिली वाटी संपली ती उजवीकडची. चौघांचीही. एकानं उजवा रस्सा परत मागितला. मग हेडाऊ मामांनी डाव्या वाटीत घास बुडवला, चावला, आणि धनराजकडे पाहून अगदी सहज विचारलं, "हा कालचा आहे का गा?"

"नाही मामा. आत्ताचाच आहे."

"असं का. तिखट आहे, पण… जाऊ दे. वाढ मले तो दुसरा."

धनराजनं पडद्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, असं कौतिकाबाईला वाटलं. निदान हसला असता तर भांडता आलं असतं.

गिऱ्हाइकं गेल्यावर तिनं त्याला डबा खाली काढायला लावला. खांद्यामुळे तिला तो काढता येत नव्हता. फळीवरून उतरताना डबा कोमट लागत होता, भट्टीच्या धगीनं. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे सुकलेले ओघळ होते. रोज भट्टीवर रश्श्याची वाफ, आणि रोज त्याच वाफेत झाकण उघडायचं. हे तिनं रोज पाहिलं होतं. पाकिटावरची तारीख चष्मा लावून वाचणाऱ्या बाईनं या डब्याची तारीख मात्र कधी विचारली नव्हती. घरचा म्हणजे ताजा, हे तिनं गृहीतच धरलं होतं.

तिनं चिमूट घेऊन रगडली. तळहात कोरडाच राहिला. तपकिरी धूळ नुसती. जिभेवर ठेवली तर आधी तिखट, आणि मागून खोबऱ्याचा खवट सूर. भट्टीच्या खोलीत दिवसभर त्याच वासात वावरणाऱ्या नाकाला तो कधी खुपलाच नव्हता.

मग तिनं मसाल्याच्या खोलीतून बरणी आणली. आख्खे धने, मिरी, दोन लवंगा, दगडफुलाचा तुकडा. कढईत भाजून, गार करून, खलबत्त्यात डाव्या हातानं कसंबसं कुटलं. मूठभरही नव्हता. पण वास असा उठला की भाकऱ्यांची परात धुणारी प्रणाली हात ओले घेऊनच आत आली.

"आई, वास तं भल्लाच येऊन राहिला. हा मसाला टाकाचा होता ना हंड्यात."

"हो. हा टाकाचा होता."

"मंग दर आठवड्याले मी कुटते. नाही तं मिक्सरमध्ये, थोडं थोडं फिरवून, तापू न देता. तुम्ही नुसतं भाजून द्या."

कौतिकाबाईनं धनराजकडे पाहिलं. तो बाकं पुसत होता.

"प्रणाली सकाळपासून भाकऱ्यांवर असते," तो पाठ न वळवता म्हणाला. "संध्याकाळी पोट्टीचा अभ्यास. कधी कुटेल? आई, तुही चव वाईट नाही. पण दर आठवड्याले असा मसाला होणार नाही आपल्याच्यानं. मी त्या पाकिटांची पेटी सांगितली आहे."

"कधी?"

"काल."

म्हणजे रविवारच्या आधीच. दोन हंडे त्यानं तिच्या समाधानासाठी लावले होते. कौतिकाबाईनं खलबत्त्यातला मसाला वाटीत काढला.

मग ती म्हणाली, "पेटीत मोठे पुडे घेऊ नको. लहान घे. जेवढा पंधरा दिवसात संपते तेवढाच फोड. आणि फळीवर नको ठेवू. भट्टीपासून दूर, अंधाराच्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात. ओला चमचा घालाचा नाही."

"हाव."

"नवा पुडा जुन्यात मिसळू नको. आधी जुना संपव."

"हाव, आई."

डबा तिनं अंगणातल्या नालीशी नेऊन रिकामा केला. मसाला वाऱ्यानं थोडा उडाला, पण शिंक आली नाही. ताजा असता तर गल्लीभर माणसं शिंकली असती. प्रणाली पदराला डोळे पुसत होती. तिला वाटलं, सासूनं पाहिलं नाही.

सोमवारी दुपारी हेडाऊ मामा नेहमीच्या वेळी आले. नवा रस्सा जेवले, परत मागून जेवले. जाताना हात धुवायला मागच्या नळावर आले तेव्हा कौतिकाबाई तिथेच भांड्यांच्या ढिगाशी बसली होती. तिच्या हाताला आता दुसरं काम नव्हतं.

"काय वहिनी, आज भट्टीजवळ नाही?"

"नाही. मामा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"काल तुम्ही म्हणाले, कालचा आहे का. तो पहिल्यांदा लागला काय तुम्हाले तसा?"

हेडाऊ मामांनी हात उगाच पुन्हा नळाखाली धरले. पाणी वाहत राहिलं.

"घरचं जेवण आहे वहिनी. माणूस चवीसाठीच येते असं थोडी असते. श्रावण असतानाही मी यायचो, नसतानाही येतो."

श्रावण म्हणजे कौतिकाबाईचा नवरा. गेल्या पोळ्याला गेला. शेवटच्या वर्षात तो ताटात वरून कच्चं तिखट घ्यायचा, लिंबू पिळायचा, आणि "मस्त झालं" म्हणायचा. जाडसर कुटलेला मसाला एकेकाळी ज्यानं ताटासकट परत पाठवला होता, तोच हा माणूस. तिनं ते आजारपणावर घातलं होतं. तोंडाची चव गेली असेल, असं ती शेजारणींना सांगायची.

"त्यानं तुम्हाले काही म्हटलं होतं?" तिनं विचारलं.

हेडाऊ मामांनी नळ बंद केला. खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले, एकदा, मग पुन्हा. "येतो," म्हणाले, आणि चपला घालून गल्लीत निघून गेले.

कौतिकाबाई भांडी घासायच्या राखेत हात घालून बसून राहिली. गिऱ्हाइकांचं काय, त्यांना दुसरी भोजनालयं आहेत. पण श्रावण रोज समोर बसून जेवत होता. मसाला उतरलाय हे त्याला कळत होतं का? आणि कळत होतं, तर कधीपासून?