एकसष्ट डोकी

रत्नप्रभाबाईंना मोजायची खोड होती. खोड म्हणा नाहीतर रोग म्हणा, माणसं मोजल्याशिवाय बाई जागच्या हलत नसत. मुरबाडहून येताना टोकावड्याच्या अलीकडे लागणाऱ्या त्या शाळेत त्यांची सव्वीस वर्षं गेली. पाचवी ते आठवीची एवढीशी शाळा, पण बाई दिवसातून पाचदा पोरं मोजत, आणि तेही लांबून नव्हे. प्रत्येक डोक्यावर तळवा टेकायचा, मग पुढचा आकडा. पोरं हसायची, सोबतचे शिक्षक थट्टा करायचे. बाईंनी कधी मनावर घेतलं नाही.

याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सहल माळशेजला गेली होती. येताना गाडी ढाब्यावर थांबली, चहा झाला, गाडी सुटली, आणि शाळेपाशी आल्यावर कळलं की एक पोरगा मागेच राहिलाय. दीड तासाने तो सापडला, ढाब्यावाल्याच्या खाटेवर बसून भजी खात होता. त्याला काही झालं नव्हतं. पण त्या दीड तासात बाईंच्या काळजाचं जे पाणी झालं, ते पुन्हा पुरतं आटलंच नाही.

म्हणून जानेवारीत शाळेत आगीची रंगीत तालीम ठरली, तेव्हा मुख्याध्यापक साईनाथ गुरुजींनी मोजणीचं काम डोळे मिटून बाईंकडे दिलं. कागदावर सगळं नीट होतं. गुरुजी घंटा देणार आणि माइकवरून सांगणार, दोन शिक्षक वर्ग बाहेर काढणार, शिपाई सुनिल शेवटी वर्ग, खिचडीची खोली आणि मागचे संडास बघून येणार, बाई मैदानावर मोजणार. गुणदान करायला तालुक्याहून अनिता मॅडम येणार होत्या. त्यांच्या तक्त्यात चार रकाने होते: वेळ, सूचना, जबाबदाऱ्या, मोजणी.

त्या दिवशी बाई तासभर आधीच शाळेत आल्या. खोटी का होईना, आगच ना ती. हजेरी झाली. नावानिशी एकसष्ट पोरं हजर. बाईंनी तो आकडा तळहातावर पेनाने लिहिला.

अनिता मॅडम आल्या. बोलणं कमी, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. खिचडीच्या खोलीत सिलिंडरने पेट घेतलाय असं धरा, म्हणाल्या. गुरुजींनी घंटा बडवली. माइक ओरडला. पोरं रांगेने धावत मैदानावर येऊन बसली, दोन-चार चपला वाटेत राहिल्या. दोन मिनिटं पन्नास सेकंद! गुरुजींच्या मिशीखाली हसू मावेना.

बाई रांगेतून निघाल्या. तळवा, आकडा, तळवा, आकडा. मधे कुठे आकडा चुकला नाही. शेवटचं डोकं एकसष्टावं निघालं.

“एकसष्ट हजर, एकसष्ट मैदानावर. सगळे आले,” बाईंनी सांगितलं आणि मोकळा श्वास घेतला.

अनिता मॅडम रांगेजवळ गेल्या आणि सातवीच्या रंजिताच्या मांडीवर बसलेल्या पोराकडे बघत राहिल्या. नाकाला शेंबूड, हातात बिस्किट.

“हा कितवीत आहे?”

रंजिताने मान खाली घातली. तो तिचा तीन वर्षांचा भाऊ. आईबाप भाजी घेऊन धसईच्या बाजाराला गेले की ती त्याला शाळेत आणायची. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नसे. पोरगं वर्गात इतकं रुळलं होतं की बाईंचा तळवा त्याच्याही डोक्यावर रोजच्यासारखाच टेकला होता.

हजेरीत त्याचं नाव नव्हतं.

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. यातून हा एक वजा. म्हणजे साठ. म्हणजे एक पोर आत आहे. कोणतं? बाईंनी रांगेकडे पाहिलं तर सगळे चेहरे एकसारखे दिसायला लागले. सव्वीस वर्षं डोकी मोजली, नावं नाही घेतली! बाई शाळेकडे धावल्या.

अनिता मॅडमनी त्यांचा दंड धरला.

“आत जायचं नाही, बाई. खरी आग असती तर आता दोघं आत असती. आधी नाव सांगा. मग शोधणारा जाईल.”

शोधणारा! बाईंनी सुनिलला हाक मारली. सुनिल नव्हता. गुरुजींचा चेहरा उतरला. मॅडमसाठी चहा आणि वडे आणायला त्यांनीच त्याला नाक्यावर पिटाळलं होतं, घंटेच्या दहा मिनिटं आधी. पाहुणा आला की आधी चहा, ही आपली रीत. त्याच्या जागी कुणाला नेमायचं कुणालाच सुचलं नव्हतं. म्हणजे संडासाकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

हजेरीपुस्तकंही आत टेबलावर राहिली होती. आता पुस्तक कुठलं आणायचं? बाईंनी डोळे मिटले आणि पाठ असलेली नावं मोठ्याने घ्यायला सुरुवात केली. पाचवीपासून. प्रत्येक नावानंतर त्या थांबत, आणि ‘हजर बाई’ ऐकू येईस्तोवर त्यांचा जीव टांगणीला लागे. सातवं नाव भागीचं.

कुणी बोललं नाही.

बाईंनी पुन्हा हाक मारली. मग शेजारची पोरगी हळूच म्हणाली, “बाई, ती घंटेच्या आदी मागं गेल्ती.”

तेवढ्यात सुनिल किटली घेऊन फाटकातून आला. अनिता मॅडमनी किटली खाली ठेवायला लावली, सोबत एक शिक्षक दिला आणि दोघांना मागच्या बाजूला पाठवलं. बाईंना मात्र जागचं हलू दिलं नाही. नावं पुरी करा म्हणाल्या, अजून कुणी राहिलं असेल तर? हे बरोबर होतं, आणि बाईंना त्या क्षणी मॅडमचा राग राग आला. तरी आठवीपर्यंत सगळी नावं त्यांनी घेतली. दुसरं कुणी कमी नव्हतं.

भागी आली ती सुनिलचा हात घट्ट धरून. माइकचा आवाज मागे पोचलाच नव्हता. तिला नुसता पळापळीचा गलका आणि पोरांचं ‘आग, आग’ ऐकू आलं. ती घाबरून संडासाची आतली कडी लावून कोपऱ्यात बसली होती. परकर भिजला होता.

बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. का गं आली नाहीस, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“तुमी मोजता ना, बाई,” भागी म्हणाली. “मला वाटलं, मी नाय दिसलो की तुमी येनार. मी वाट बगत व्हतो.”

बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि त्या सगळ्यांदेखत रडल्या.

चहा गार झाला. गुरुजी हळूच अनिता मॅडमना म्हणत होते की पोर तर सापडलं, तालीमच होती, दोन मिनिटं पन्नास सेकंद लिहून टाका. मॅडम काही बोलायच्या आत बाई उठल्या. लाज वाटत होती, भीती तर अजून गेलीच नव्हती, पण तो तक्ता त्यांनी मागून घेतला.

“घड्याळ कितीवर थांबवलंत?” त्यांनी विचारलं.

शेवटचं पोर मिळालं तेव्हा, मॅडम म्हणाल्या. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

बाईंनी मोजणीच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: हजर एकसष्ट, मैदानावर साठ, सांगितले एकसष्ट. मोजणी चुकली. खाली सही केली. मग रंजिताला बोलावून तिच्या भावाचं नाव विचारलं. इतक्या दिवसांत ते कुणी विचारलंच नव्हतं. प्रशांत, ती म्हणाली.

शाळा सुटताना बाई फाटकात उभ्या राहिल्या. कुणाच्या डोक्यावर हात टेकला नाही. एकेकाचं नाव घेऊन त्याला रस्त्यावर सोडलं, प्रशांतचंही. शेवटी भागी राहिली होती. तिने स्वतःच डोकं पुढे केलं.