ताटाखालचा पेपर

बायको गेल्यावर दीड वर्षात माझी शुगर वाढली. डॉक्टरांनी मला गोंदियाच्या डाएटिशियन मॅडमकडे धाडलं. त्या म्हणाल्या, आठवडाभर दोन्ही जेवणांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. सालेकशात घरी मी एकटाच. त्या दिवशीचा पेपर अंथरायचा, त्यावर ताट ठेवायचं, फोटो काढायचा आणि जेवायचं.

आठव्या दिवशी मॅडमचा मेसेज आला.

"काका, चौदाही ताटांत अर्ध्याहून जास्त भात आहे. वरण पातळ आहे. भाजी म्हणून रोज आलू, आणि आलू तर भाताचाच भाऊ. आता अर्धं ताट दोडके, लौकी नाहीतर पालेभाजी घ्या, वरण घट्ट करा, भात एक वाटी. शुगरच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून भात एकदम बंद करू नका. आणि खरं सांगा, सगळे फोटो एकाच दिवशी काढले का?"

माझं डोकंच फिरलं. जन्मभर मास्तरकी केली, पोरांच्या कॉप्या पकडल्या, अन् ही मलाच कॉपीबहाद्दर म्हणून राहिली! "मी काऊन खोटं बोलू जी? ताटाखालच्या पेपरची तारीख पाहा," असं लिहिलं. पाठवण्याआधी खात्री करावी म्हणून फोटो मोठे करून पाहिले.

पेपर रोज वेगळा होता. तारखा सात होत्या. ताटात मात्र एकच दिवस होता.

मी लिहिलेलं पुसलं आणि कळवून टाकलं, "हो मॅडम, एकाच दिवशी काढले."