दीड तासानंतर टू-एच बंद

कारखान्यात तिला सगळे मायक्रॉनबाई म्हणायचे, आणि त्यात चेष्टा जितकी होती तितकाच मानही होता. वीस वर्षं ती लेथवर उभी होती. लोखंडाचा दांडा फिरायला लागला की बाई श्वाससुद्धा बेताने घेई. अर्धा केस एवढं कापायचं, थांबायचं, मायक्रोमीटर लावायचा, पुन्हा अर्धा केस. घाई नावाची गोष्ट तिला ठाऊकच नव्हती, कारण लेथवर जास्त कापलं गेलं की संपलं, कापलेलं लोखंड काही परत चिकटवता येत नाही.

आता तिच्या टाचा बोलायला लागल्या होत्या. संध्याकाळी घरी आली की ती आधी पाय गरम पाण्यात सोडायची आणि मग माणसांत यायची. इन्स्पेक्शन विभागात एक जागा रिकामी होणार होती. तिथे टेबल होतं, चांगला उजेड होता आणि मुख्य म्हणजे खुर्ची होती. पण त्या खुर्चीला डिप्लोमा लागत होता, आणि संध्याकाळच्या वर्गांतून बाईने डिप्लोम्याचे सगळे पेपर पार केले होते, एक सोडून. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये ती दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप, आणि नियमाप्रमाणे शेवटची.

ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं वाचून जॉब, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, घडवले ती ड्रॉइंगमध्येच नापास, यावर कारखान्यात कोण काय बोललं असेल ते सांगायला नको.

ड्रॉइंगचे सर निवृत्त ड्राफ्ट्समन होते. दर शनिवारी दुपारी ते तीन तासांची एक शीट काढून घ्यायचे आणि लगेच तपासायचे. त्यांच्याकडे बरोबर उत्तर काढलेला पारदर्शक कागद असे. तो शीटवर ठेवला की कुठली रेषा कुठे घसरली ते लपत नसे. मग डिव्हायडरने दोन-चार मापं घ्यायची, शीट हात लांब करून धरायची आणि कोपऱ्यात तीन आकडे लिहायचे : अचूकपणा, रेषा, स्वच्छता. प्रत्येकी दहापैकी.

पहिल्या शनिवारी बाईच्या शीटवर आकडे पडले : दहा, दोन, नऊ. खाली लाल शाईत एकच शब्द होता, "अपूर्ण".

"बाई, हे ड्रॉइंग आहे कुठे?" सर चष्मा वर करून म्हणाले.

"समोरच आहे की, सर!"

"मला दिसत नाही. तपासणाऱ्यालाही दिसणार नाही. सगळं टू-एच पेन्सिलच्या बारीक, फिकट रेघांत. बाह्यरेषा ठळक कोण करणार, मी?"

"वेळच संपला. आधी मापं पक्की करत होते."

"पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड. त्यात तुम्ही मायक्रॉन शोधताय?" मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. "वर एलिव्हेशन, समोरून दिसणारं चित्र, काढलंत ना? मग खाली वरून दिसणाऱ्या चित्रात, प्लॅनमध्ये, पुन्हा पट्टी कशाला लावता? सेट-स्क्वेअर धरा आणि रेघ सरळ खाली उतरवा. वेळही वाचतो आणि दोन्ही जुळतात."

बाईने मान हलवली, पण मनात म्हणाली, मापल्याशिवाय कसा विश्वास ठेवायचा?

दुसरा शनिवार गेला, तिसरा गेला. सेट-स्क्वेअरची खालची बाजू ती प्रत्येक वेळी फडक्याने पुसत होती, त्यामुळे शीट आरशासारखी स्वच्छ. स्वच्छता दहा. रेषा तीन. अपूर्ण.

घरी नवरा शिलाई मशीनवर बसून हे बघत होता. तो शिंपी, तोंडाने जरा सैल. चौथ्या रविवारी बाई जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडून एकाच वर्तुळाचा मध्य तिसऱ्यांदा मापत होती, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अगं, मी नुसत्या खडूच्या खुणाच करत बसलो तर गिऱ्हाईक काय खडूचा शर्ट घालून जाणार?"

"तुमचं कापड उसवता येतं. माझं लोखंड उसवत नाही."

"पण हा कागद आहे ना?" असं म्हणून त्याने तिच्यासमोरचं खोडरबर उचललं, तिच्या तळहातावर ठेवलं आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसला.

बाईला राग आला. खूप आला, कारण तो बरोबर बोलला होता.

तिने हे सरांना सांगितलं तेव्हा सर इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. "यजमानांना माझा नमस्कार सांगा. आजपासून नियम करा. दीड तास झाला की टू-एच बंद. जे असेल ते असेल. जरा काळी उमटणारी एच पेन्सिल घ्यायची, आधी वर्तुळं आणि कंस, मग वरून खाली आडव्या रेघा, मग डावीकडून उजवीकडे उभ्या." घरी नवऱ्याने स्वयंपाकघरातलं घड्याळ लावायला सुरुवात केली. ते वाजलं की तो येऊन टू-एच काढून खिशात घालायचा, बाई ओरडत असली तरी. सहाव्या शनिवारी आकडे आले : नऊ, सात, नऊ. "अपूर्ण" नव्हतं. बाईने ती शीट गुंडाळली नाही, उघडीच धरून घरी नेली.

परीक्षेत ब्रॅकेट, भोक पाडलेला एक लोखंडी आधार, काढायला आला. एलिव्हेशन, खाली प्लॅन, बाजूला साइड व्ह्यू. दीड तासाला तिने टू-एच स्वतःच्या हाताने पेटीत टाकली. वर्तुळं ठळक झाली, आडव्या रेघा झाल्या. पंचवीस मिनिटं उरली असताना एलिव्हेशनमधल्या भोकाच्या तुटक रेघांवर तिने सेट-स्क्वेअर धरला आणि त्याची कड खाली प्लॅनपर्यंत गेली, तर ती तिथल्या भोकाच्या वर्तुळाला शिवलीच नाही. भोक दोन मिलिमीटर आत सरकलं होतं. ते तिने उतरवलं नव्हतं. सवयीने मापलं होतं, आणि तीसच्या जागी अठ्ठावीस.

ठळक, काळंभोर, पूर्ण झालेलं वर्तुळ. वीस वर्षांत अशा वेळी तिने एकच केलं होतं : जॉब काढून भंगाराच्या पेटीत टाकला होता. हात बोर्डावरून खाली आले. खुर्ची, टेबल, उजेड, सगळं गेलं.

मग तिला खोडरबर दिसलं.

तिने पेटीतली पातळ पत्र्याची ढाल शेजारच्या रेघा झाकायला धरली आणि वर्तुळ खोडलं. चुरा फडक्याने झटकला. या वेळी पट्टीला हात न लावता मध्य वरून उतरवला आणि कंपास फिरवला. कागदावर जुन्या वर्तुळाचा फिकट चर राहिला, पण नवं वर्तुळ जागेवर होतं. कापलेलं परत लागलं होतं. तिला त्या हॉलमध्ये मोठ्याने हसावंसं वाटलं. घंटा झाली तेव्हा ती शेवटच्या मापाचा बाण काढत होती.

शंभरात एकसष्ट मिळाले. सरांनी फोनवर विचारलं, "कुठे गेले बाकीचे एकोणचाळीस?"

"थोडे त्या चरात गेले असतील, सर. जाऊ द्या," मायक्रॉनबाई म्हणाली. 'जाऊ द्या' हे तिच्या तोंडून ऐकून नवऱ्याच्या हातातली कात्री थांबली.

इन्स्पेक्शनच्या पहिल्या दिवशी तिच्यासमोर ट्रेमध्ये दहा जॉब आले. तिने पहिला उचलला, मायक्रोमीटर लावला, वाचलं, लिहिलं. दुसरा. तिसरा. चौथ्याला शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "अहो बाई, बसा की. खुर्ची तुमचीच आहे."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती उभीच होती. तिने खुर्ची ओढली आणि सावकाश बसली. टेबलाखाली एकेक करून दोन्ही चपला काढल्या, आणि पाचवा जॉब हातात घेतला.