पहिल्या आठवड्यातला मेल

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मी नव्या मॅनेजरला ओळखीचा मेल लिहिला. इंग्रजीत, चांगला दीड पानाचा. सुरुवात दहावीच्या टक्क्यांपासून, मधे नरखेड तालुक्यातलं माझं गाव, शेवटी कंपनीचं तोंड भरून कौतुक. मॅनेजर पुण्याला बसायचे, तेही त्याच महिन्यात आलेले. आम्हा नव्यांपैकी गाड्यांच्या नियोजनावर कोण आणि नोंदी टाईप करायला कोण, हे ते शुक्रवारी ठरवणार होते. मला नियोजन हवं होतं. दिवसभर आकडे बडवत बसायच्या कल्पनेनंच माझं डोकं फिरायचं.

शेजारच्या खुर्चीवरच्या ताई कामठीहून यायच्या. या वाहतूक कंपनीच्या नागपूर ऑफिसात त्यांना अकरा वर्षं झाली होती. मेल वाचून त्या म्हणाल्या, "हे वाचून त्यानं काय करायचं वं? पोरगी पाहाले येऊन राहिला काय तो?"

मला राग आला. पण त्यांचं बरोबर होतं.

विषयाच्या जागी त्यांनी माझं नाव, पद आणि 'नवीन रुजू' एवढंच ठेवलं. पहिल्या ओळीत मी कोण, कोणत्या दिवसापासून. मग या आठवड्यात काय शिकतेय. शेवटी एकच मागणं: पंधरा मिनिटं बोलायला मिळतील का, आणि सोयीच्या दोन वेळा.

"आन् कामाचं काय केलं याच्याआधी?"

"काही नाही. पदवीनंतर तीन वर्षं घरीच होते," मी म्हटलं.

"तीन वर्षं? काहून लपवून राहिली?"

मग सांगावं लागलं. गावच्या संत्र्याच्या शेडमध्ये मी गाड्या भरून घ्यायचे. कोणती पेटी कुठं उतरणार ते पाहून आधी उतरणारा माल दाराशी, शेवटचा आत. पदवी घेऊन शेडमध्ये काम, याची मला लाज वाटायची.

ताईंनी मेलच्या दुसऱ्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. मी शेडचं काम तिथं लिहिलं. सगळा मेल सहा ओळींचा झाला.

तासाभरात उत्तर आलं. 'उद्या साडेअकरा. शेडमध्ये गाडी कशी भरायचात, ते ऐकायचंय.' शुक्रवारी मला नियोजन मिळालं. ताईंइतकं नेमकं पाहणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "ताई, हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. पाच मॅनेजर आले न गेले, मी एकालेही लिहिलं नाही. मले काय येते, हे कोणाले माहीतच नाही."

"हे मॅनेजर पण नवीनच आहेत ना, ताई. अजून महिनाही नाही झाला."

चहा आला, ताईंनी तो तसाच ठेवला. मग कोरा मेल उघडला आणि विषयाच्या जागी हळूहळू स्वतःचं नाव लिहिलं.