एका पायरीवरचा पाय

समजा, रात्रभर चालणारं तीन अंकी नाटक तुमच्या हातात दिलं आणि कोणी म्हणालं, नव्वद सेकंदांत बसव. काय ठेवाल? काय टाकाल?

फुलचूरच्या दुर्गेश्वरीनं सगळं टाकलं. लावणी, विनोदी नोकर, तीन प्रवेश. उरली एक बाई आणि देवरीचा बस थांबा. पॉलिटेक्निक शिकलेली ही पोर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या मंडळासाठी नाटक लिहायला लागली होती. हे तिचं पहिलंच. नव्वद सेकंदांची रील पाहून मंडईवाले, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरवणारे, नाटक ठरवणार होते.

पहिल्या वीस सेकंदांत बाई, पिशवी, आणि बांगड्यांखाली लपवलेला वळ. भाऊ तिला सासरी परत धाडायला आलेला. मग बस येते. सासूचा फोन वाजत राहतो, कंडक्टर ओरडतो, भाऊ पिशवी चढवतो. दाब वाढतच जातो. पासष्टाव्या सेकंदाला बाई पायरीवर पाय ठेवते. थांबते. पाय खाली घेते. बस निघून जाते. उरलेल्या सेकंदांत फक्त रिकामा रस्ता आणि ती.

वळण म्हणजे तो पाय. त्यानंतर मागं जाता येत नाही.

मंडळाचे मालक केशोराव स्वतः भावाचं काम करायचे. त्यांनी रील परस्पर टाकली. दुर्गेश्वरीनं ती पाहिली आणि तिची कानशिलं तापली. नेमक्या त्या क्षणी केशोरावांचा आवाज जोडलेला: "उतर बाई, उतर!"

ती तडक तालमीत शिरली.

"काकाजी, हे कोनाले विचारून टाकलं?"

"कायले तापून राहिली वो? एकच शब्द त आहे. टाळ्या भावालेच पडतेत."

"त्या शब्दानं वळण तुमचं झालं! ती आता तुमच्या हुकमानं उतरते!"

"मंग? शेवट त तोच आहे ना?"

"शेवट तोच, नाटक दुसरं!"

नायिका करणारी मंदाबाई कोपऱ्यात पोलकं शिवत होती. तिनं दातानं दोरा तोडला. "मी का बैल आहो, भाऊ? हाकलल्यावर उतराले?"

तालमीतली पोरं हसली. केशोराव नाही हसले. "मंडळ माझं आहे," ते म्हणाले. रील तशीच राहिली. खाली लोक लिहीत होते, भाऊ असावा तर असा. दोन गावांनी नाटक ठरवलंसुद्धा.

दुर्गेश्वरीनं नाटक मंडळातून काढून घेतलं. दात-ओठ खात तो आवाज पुसला, तिथं बसच्या इंजिनाची घरघर ठेवली, पाय दीड सेकंद जास्त थांबवला आणि रील आपल्या नावानं टाकली.

पहिली कमेंट आली: हिला उतरायला कोणी सांगितलं?

तिनं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. दीड सेकंद कमी पडला होता का? बाईनं स्वतः ठरवलं, हे लोकांना दिसायला किती सेकंद लागतात?