विशेष काही घडत नाही

सरकारी कचेरीत दहा वर्षं कारकुनी केली की माणसाचा हात आपोआप चालायला लागतो, आणि डोकं मागे राहतं. माझंही तसंच झालं होतं. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला तेव्हा इंदूरच्या कचेऱ्यांत जुन्या दप्तरांचा ढीग पडला. प्रत्येक फाइल वाचायची, तिचं सार दहा ओळींत वरिष्ठांपुढे ठेवायचं, हे माझं काम. ज्या फाइलीत नवा हुकूम नाही, तक्रार नाही, निकाल नाही, तिच्यावर आम्ही लिहायचो, ‘विशेष काही नाही.’ वरिष्ठ ती न उघडता बाजूला ठेवत. या वाक्याने मी किती लोकांचे अर्ज पुरले असतील, देव जाणे.

आमच्या रामबागेतल्या हौशी मंडळींचं दर गणेशोत्सवात एक नाटक असे. त्या वर्षी दिग्दर्शक होते एक वकीलसाहेब. सतत तोंडात पान, बोलताना समोरच्याच्या सदऱ्यावर थुंकीचे शिंतोडे, आणि वर ते पुसायला स्वतःचा रुमालही पुढे करणार. त्या रुमालाची मला आजही शिसारी येते. नाटकाचं छापील पुस्तक एकच होतं, माझ्याकडे. त्यावरून मी सगळ्या नटांच्या नकला उतरवून दिल्या, म्हणजे ज्याची त्याची भाषणं, आधीच्या भाषणाचा शेवटचा शब्द आणि कंसातल्या सूचना. मग वकीलसाहेब म्हणाले, “भिया, आता मला पूर्ण नाटकाचा प्रवेशवार गोषवारा दे. तालमीत माझ्या हातात वही पाहिजे, बस. पूरी किताब वाचायला टाइम कुठे आहे?”

मला तेव्हा हा माझा मानच वाटला. दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक प्रवेशाला एक पान दिलं. वर अंक नि प्रवेश, खाली स्थळ, वेळ, रंगमंचावर कोण, कोण कुठल्या बाजूने येतो नि जातो, हाताशी काय लागतं, आणि मग काय घडतं. काय घडतं यातच खरी मेख असते. प्रवेश सुरू होताना कोणाला काय ठाऊक होतं आणि संपताना काय ठाऊक झालं, ते लिहायचं. संवाद भरपूर असले की हे सोपं जातं. भांडणाचे, मागणीचे, बापलेकाच्या वादाचे प्रवेश मी पान भरून लिहिले.

दुसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश अर्ध्या पानाचा होता. त्यात एकही संवाद नाही. आई एकटी मुलाचा कोट झाडते, खिशात पत्र सापडतं, ते वाचते, पुन्हा खिशात ठेवते आणि कोट खुंटीला लावते. मुलगा घर सोडून जाणार आहे, हे तिला त्या क्षणी कळतं. तिसऱ्या अंकात मुलाला उमगतं की आईला सगळं आधीपासून माहीत होतं आणि तरी तिने रोज डबा भरून दिला. सगळं नाटक त्या खुंटीवर टांगलेलं आहे.

मी लिहिलं : ‘आई एकटी. कपडे आवरते. संवाद नाहीत. विशेष काही घडत नाही.’

आई करणाऱ्या बाई मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या, विधवा. त्या काळात घरंदाज बाईने रंगमंचावर उभं राहणं सोपं नव्हतं; सासऱ्यांचे महिनाभर पाय धरून त्यांनी परवानगी मिळवली होती. एकदा मला म्हणाल्या, “बाकी नाटकभर मी चहा आणते, पाणी देते, हो-नाही करते. या एकाच जागी मी आहे.” शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात नवऱ्याचा जुना कोट घेऊन त्या तो प्रवेश बसवत असत. पत्र किती वेळ धरायचं, कोट कुठल्या हाताने लावायचा, सगळं ठरवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात वकीलसाहेबांनी वहीतून तो प्रवेश निळ्या पेन्सिलीने उडवला. नाटक लांबतंय म्हणाले. बाईंनी हातातली नक्कल मिटली. पण तिसऱ्या अंकाची तालीम लागली आणि मुलाचं काम करणारा अडला. “आईला कळलं कसं?”

बाई म्हणाल्या, “मी पत्र वाचलेलं असतं. त्या उडवलेल्या प्रवेशात.”

“कोणता प्रवेश?” वकीलसाहेबांनी वही चाळली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, “विशेष काही घडत नाही. हे मी नाही म्हणत बाईजी, आपले लेखनिक म्हणतात. सरकारी आदमी आहे, गलत थोडंच लिहील?” सगळे हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. मग वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे तोड काढली. शेजारीण येऊन आईला ओरडून सांगेल, “अहो, तुमचा मुलगा पळून चाललाय!” मंडळींनी वाहवा केली. मीही मान डोलावली. त्या माझ्या मानेइतकी किळस मला पानाच्या पिचकारीचीही आली नाही.

तालीम सुटल्यावर बाईंनी मला फाटकाशी थांबवलं. “किताब तुमच्याकडे आहे ना? उद्या आणा आणि त्यांना ते पान दाखवा. चूक झाली एवढंच म्हणा. मी काही लावून धरणार नाही.”

“आणतो,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आणलं, पिशवीत. पण तालमीआधीच वकीलसाहेबांनी जाहिरातीचा कच्चा कागद सगळ्यांपुढे फडकवला. त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं, सहदिग्दर्शक म्हणून. “या वहीशिवाय नाटक उभंच राहिलं नसतं,” ते म्हणाले आणि पाठीवर थाप मारली. कचेरीत दहा वर्षांत माझी पाठ कोणी थोपटली नव्हती. मी पिशवीची नाडी आवळली. पुस्तकाचा कोपरा तरीही बाहेर डोकावत होता आणि बाई तिकडेच बघत होत्या.

तालीम संपेपर्यंत त्या थांबल्या. शेजारणीच्या ओरडण्यावर जसं दचकायला सांगितलं तसं तीनदा दचकल्या. मग सगळे गेल्यावर माझ्याजवळ आल्या आणि आपली नक्कल माझ्या हातात ठेवली. “यांना दुसरी आई शोधायला सांगा,” म्हणाल्या.

मी नक्कल उलगडली. दुसरा अंक, चौथा प्रवेश. माझंच वळणदार अक्षर : ‘आई खिशातले पत्र वाचते. रडत नाही. पत्र होते तसे ठेवते.’ गोषवारा लिहिण्याच्या आधी आठ दिवस मीच उतरवलं होतं ते. काल मंडळी हसत होती तेव्हाही हा कागद त्यांच्या हातातच होता.

“हा दाखवायचा होता तुम्ही,” मी म्हटलं.

“मी दाखवला असता तर बाईमाणसाचा हट्ट झाला असता,” त्या म्हणाल्या. “म्हणून तुमची वाट पाहिली. कालही, आजही.”

गणेशोत्सवात आईचं काम एका पोस्टातल्या गृहस्थाने लुगडं नेसून केलं. शेजारीण ओरडली तेव्हा टाळ्या पडल्या. जाहिरातीवर माझं नाव ठळक छापलं होतं. आमच्या घरी ती कितीतरी वर्षं भिंतीला होती, आणि पाहुणे विचारायचे, त्या नाटकात काय होतं हो?

मी म्हणायचो, विशेष काही नाही.