फळ्यावरचा आकडा

त्या शुक्रवारी मी नुसती मान हलवली, आणि ती खोटी होती. बायकोलाही मी हे सांगितलेलं नाही.

म्हापशाच्या बाजारात पहिल्या मजल्यावर माझं शेअरदलालीचं ऑफिस आहे. मोठ्या दलाल कंपनीची पाटी, खालच्या कोपऱ्यात माझं नाव. जिन्याच्या वळणावर मी एक पांढरा फळा लावला होता. रोज बाजार बंद झाला की इंडेक्सचा आकडा त्यावर लिहायचा. वर चढला तर हिरव्या पेनाने, उतरला तर लाल. पेडण्याची, डिचोलीची माणसं शुक्रवारच्या बाजाराला आली की तो बघायला जिना चढायची. काही जण तर वर येतच नसत. वळणावरून आकडा बघून परत खाली.

त्यांतले एक काका मात्र वर यायचे. मूळचे सावंतवाडीकडचे, पण खाणीच्या धंद्यात कारापूरला येऊन राहिले ते तिथलेच झाले. त्यांचा एक टिप्पर होता. खाण बंद पडली तेव्हा तो दारात उभा राहून गंजायला लागला, म्हणून विकला. ते पैसे घेऊन ते माझ्याकडे आले.

"माका एकच नाव सांग," ते म्हणाले. "धा नावां माझ्या टकलेत रवाची नाय."

मी एका कंपनीचं नाव सांगितलं. माझे स्वतःचेही पैसे तिच्यात होते, तेही सांगितलं. "इंडेक्समधली आहे, काका. देशातल्या निवडक पन्नासांतली. घ्यायचं आणि विसरायचं."

सगळे पैसे एका कंपनीत घालू नयेत, हे मला माहीत होतं. ते मी बोललो नाही. त्यांना एकच नाव हवं होतं आणि मला खातं हवं होतं.

मग त्यांनी फळ्यावरच्या आकड्याकडे बोट करून एक पुढचा आकडा सांगितला, शेवटी नुसती शून्यं असलेला. "इतको झालो की सगळा ईक. माका नवी गाडी घेवची असा, टिप्परच."

चूक इथे झाली. आमच्याकडे ती सगळेच करायचे, कारण फळा मीच लावला होता. विकायची खूण त्यांनी शेअरच्या भावावर ठेवायला हवी होती. त्यांनी ती इंडेक्सवर ठेवली, आणि मी "बरं" म्हटलं.

पुढे दर शुक्रवारी ते यायचे. हातात केळ्यांचा घड नाहीतर पोयांची, म्हणजे गोव्याच्या पावांची, पिशवी. त्यांच्या शेअरचं स्टेटमेंट झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, ईमेलवर जायचं. झील बोटीवर नोकरीला. तो ते उघडत नसे.

"काय पात्रांव, आमचो चडलो मा?" मला ते पात्रांव, म्हणजे मालक, म्हणायचे.

"चढला, काका."

"मगे तोंड असां कित्याक? तुझा काय जाता?"

इंडेक्स खरोखरच चढत होता. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यात प्रत्येक कंपनीचं वजन सारखं नसतं. बाजारात खुल्या असलेल्या शेअरची एकूण किंमत जितकी मोठी, तितकं वजन जास्त. दोन-चार मोठ्या बँका आणि एखादी अवाढव्य कंपनी वर गेली की आकडा वर जातो. खालच्या पंधरा-वीस रडत असल्या तरी फारसं कळत नाही. काकांची कंपनी त्या रडणाऱ्यांत होती. तिचा भाव पडत होता, आणि भाव पडला की वजनही कमी होतं. म्हणजे ती जितकी पडली, तितकी तिच्या पुढच्या पडण्याची दखल कमी.

शेवटी ती यादीतून निघाली. हे अचानक होत नाही. काही आठवडे आधी जाहीर करतात की अमुक कंपनी बाहेर, अमुक आत. इंडेक्सप्रमाणे पैसे गुंतवणारे फंड मग तिचे शेअर विकणार आणि भाव आणखी पडणार, हे सगळ्या धंद्याला ठाऊक असतं. मी ते सकाळी चहा पिताना वाचलं. बाजार उघडल्यावर माझ्याकडचे त्या कंपनीचे सगळे शेअर विकले. त्यात गुन्हा काही नव्हता. बातमी सगळ्यांसाठी खुली होती.

काकांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी फोन केला नाही. केला असता तर नाव मीच सुचवलं होतं हे पुन्हा निघालं असतं. शुक्रवारी सांगू, म्हटलं. शुक्रवारी ते आले, फळा हिरवा होता, ते खूश होते. मी केळी घेतली.

ज्या दिवशी कंपनी बाहेर गेली, त्या दिवशी बदलामुळे आकडा हललासुद्धा नाही. जुनी काढून नवी घालताना हिशेबाचा भाजक असा बदलतात की आकड्याला उडी बसू नये. त्यानंतर ती कंपनी किती पडली, याच्याशी इंडेक्सचा संबंध उरला नाही. मी जिन्यात उभा राहून हिरव्या पेनाने आकडा लिहिला.

आणि एका शुक्रवारी काकांनी सांगितलेला तो आकडा आला. पूर्ण शून्यांचा. काका नारळ घेऊन आले होते.

"ईक," ते म्हणाले. "झिलाक सांगितलंय, बोटीचो कागद सय करू नको. खाण सुरू झाली हा. गाडी घेतली की तो जावचो नाय."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. घातलेल्या पैशांचा तिसरा हिस्साही उरला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जिन्याकडे बघितलं.

"मगे हो आकडो कोणाचो?"

मी म्हणालो, "काका, खाणीवर गाड्यांची लाइन असते ना. एक गाडी बंद पडली की तिला बाजूला घेतात, मागची पुढे येते. लाइन चालूच राहते. संध्याकाळी किती माल गेला ते मोजतात. बाजूला राहिलेली गाडी त्यात नसते."

"आणि मी त्या गाडयेत बसलंय."

"हो."

खाली मिरच्या विकणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना हाका मारत होत्या. मला काही वाटत नव्हतं. स्क्रीनची काच पुसायला हवी, एवढंच डोक्यात होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुझे पण तेतूरच अडकले मा?"

मी मान हलवली.

"जांव दे," ते म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी काय करतलंस. तू पण बुडलंस माझ्यावांगडा." नारळ टेबलावर ठेवून ते उतरले. फळ्यापाशी थांबले नाहीत.

झील पुढच्या महिन्यात बोटीवर गेला. काका अजून शुक्रवारी येतात. आकडा बघत नाहीत. माझ्यासाठी केळी आणतात, जास्तच आणतात, आणि विचारतात, "सावरलंस मा थोडो?" बरोबरच्या बुडालेल्याला विचारावं तसं. मी "हो" म्हणतो. फळा मी काढलेला नाही. आकडा वर आहे.

गाडीचे पैसे मी भरून देऊ शकत नाही, आणि ते घेणारही नाहीत. मी त्यांचं एवढंच देणं लागतो, हे सांगणं: माझे शेअर मी आधीच विकले होते, आणि तुम्हाला फोन केला नव्हता. ते अजून दिलेलं नाही.